सिस्टरचा डबा

मे महिन्यातला रविवार. पावणेचारला आमची गाडी मानेवाड्याच्या त्या शाळेच्या फाटकातून बाहेर पडली, तुकडोजी पुतळ्याजवळच्या सिग्नलला थांबली, आणि मागच्या सीटवर सिस्टरनी पिशवीतून डबा काढला. झाकण उघडताच आंबट वास गाडीभर पसरला. वांग्याची भाजी पहाटे पाचला केलेली, दिवसभर बंद डब्यात आणि नागपूरच्या मे महिन्यात. त्यांनी झाकण परत लावलं, डबा पिशवीत ठेवला, पिशवीची गाठ मारली. कुणालाच काही बोलल्या नाहीत. खिडकीतून चुलीच्या जाळासारखी हवा येत होती. पुढे बसलेला आमचा अटेंडंट आरशात बघून हळूच म्हणाला, "मॅडम, सिस्टर तं सकाळपासून जेवल्याच नाहीत जी." मी मागे वळून पाहिलं तेव्हा त्या डोळे मिटून बसल्या होत्या. उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं एकेक करून दाबत होत्या.

आमच्या रक्तपेढीच्या रक्तदान कॅम्पला जाणाऱ्या माणसांचे तास ठरवायचं काम माझं आहे. कोण किती वाजता येणार, कुठे उभं राहणार, किती वाजता सुटणार, तो तक्ता मी करते. त्या दिवशीच्या तक्त्यात सिस्टरच्या नावापुढे मी '६.१५ ते ४.१५' लिहिलं होतं. मधे जेवणाची वेळ लिहिली नव्हती. कुणाच्याच नावापुढे लिहिली नव्हती. 'मधे वेळ मिळेल तसं' असं आम्ही तोंडी ठरवायचो, वर्षानुवर्षं. सगळ्या डोनरना मात्र फॉर्म भरतानाच विचारायचं, "जेवून आलात ना? उपाशीपोटी नको हं." हा प्रश्न त्या दिवशी मी स्वतः किती जणांना विचारला असेल!

त्या वासानं मला पुढचे चार-पाच दिवस सोडलं नाही.

मग एका संध्याकाळी मी त्या कॅम्पचं रजिस्टर घरी आणलं आणि वही घेऊन बसले. डोनर दर तासाला किती आले ते मांडलं. नऊ ते दहा, फक्त ८. रविवारी सकाळी नागपूरचा माणूस तर्री-पोह्याच्या गाडीवरून उठल्याशिवाय रक्तदानाला येत नाही, हे इतक्या वर्षांत पाठ झालंय, आणि त्यात वाईटही काही नाही, खाऊन येतो ते चांगलंच. दहा ते अकरा १९, अकरा ते बारा २६, बारा ते एक २२, आणि नोंदणी बंद होईपर्यंत आणखी १२. एकूण ८७. त्यातल्या ४४ सुया एकट्या या सिस्टरनी लावल्या होत्या.

आता एक सिस्टर तासाला किती डोनर घेऊ शकते? खाटांचा हिशेब सगळे करतात, हातांचा कुणी करत नाही. खाटेवर एक डोनर आडवा झाल्यापासून उठेपर्यंत सोळा-सतरा मिनिटं जातात. बॅग भरायला साधारण पाच ते दहा मिनिटं, बाकी आधीची तयारी आणि नंतर थोडं पडून राहणं. सहा खाटा असल्या की तासाला एकवीस-बावीस जण होतील असं कागदावर दिसतं. पण प्रत्येक डोनरमागे सिस्टरच्या हाताचं काम सहा मिनिटांचं आहे: पट्टा बांधायचा, शीर चाचपायची, स्पिरिट-बीटाडिननं पुसायचं, सुई लावायची, बॅगवरचा आणि ट्यूबांवरचा नंबर जुळवायचा, बॅग हलवत ठेवणाऱ्या शेकरची शिटी वाजली की सुई काढायची, कापूस दाबून हात दुमडायला लावायचा. म्हणजे एका सिस्टरकडून तासाला दहा, दोघींकडून वीस. खाटा आठ मांडल्या तरी वीसच. अकरा ते बारा सव्वीस आले तेव्हा सहा जण खुर्च्यांवर बसून राहिले, आणि तेवढं चालतंही. पंधरा-वीस मिनिटं थांबायला लागली म्हणून कुणी निघून जात नाही. पण मग साडेबारा वाजले, आणि खरा घोळ तिथून सुरू झाला.

रक्तातून प्लेटलेट्स वेगळ्या काढायच्या असतील तर बॅग घेतल्यापासून सहा तासांच्या आत ते काम व्हावं लागतं, आणि तोवर ती बॅग २० ते २४ अंशांत ठेवायची, बर्फात नाही. पहिली बॅग सकाळी ९.२० ची होती. ती संध्याकाळी आमच्याबरोबर परत नेली असती तर वेळ उलटून गेली असती. म्हणून साडेबाराला गाडी पहिल्या बॅगा घेऊन रक्तपेढीकडे गेली, आणि गाडीबरोबर एक टेक्निशियन गेला. तीन टेक्निशियन असतात. एक हिमोग्लोबिन बघतो, निळ्या मोरचुदाच्या पाण्यात रक्ताचा थेंब सोडून तो बुडतो की तरंगतो ते पाहत. एक बॅगा आणि नंबर सांभाळतो. तिसरा भरलेल्या बॅगेची नळी सीलरवर बंद करतो आणि पेटीत रचतो. गेला तो हा तिसरा. दीडच्या पुढे, एक पन्नासला तो परत आला. मधले ऐंशी मिनिटं नळ्या कुणी सील केल्या? दोघी सिस्टरनी, स्वतःच्या डोनरच्या सुया लावत लावत. सहा मिनिटांचं काम आठ मिनिटांवर गेलं. तासाला वीसचे पंधरा झाले. एक वाजता खुर्च्यांवर दहा-अकरा जण बसलेले होते आणि मंडळाचे कार्यकर्ते दर पाच मिनिटांनी येऊन विचारत होते, "सिस्टर, लवकर होईल का हो?" अशा वेळी कुठली बाई "थांबा, मी जेवून येते" म्हणेल?

या साऱ्यात कुणाचा आळस नव्हता, कुणाची बेफिकिरी नव्हती. माझ्या तक्त्यात साडेबाराची गाडी होती आणि जेवण नव्हतं, एवढंच होतं.

रजिस्टरच्या शेवटच्या पानावर त्रासाच्या नोंदी असतात. कुणाला चक्कर आली, कुणाला उलटी, कुणाचा हात सुजला किंवा निळा पडला. त्या दिवशी हात निळा पडल्याच्या तीन नोंदी होत्या आणि तिन्ही पाऊणनंतरच्या. त्यातले दोन डोनर याच सिस्टरचे. त्यांच्या हाताला मी वर्षानुवर्षं ओळखते. लहान मुलासारख्या बारीक शिरा असलेल्या मुलींना आम्ही मुद्दाम त्यांच्याकडे पाठवतो. नंतर कधीतरी चहा पिताना मी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, बोटाला शीर लागतच नव्हती. दिसत होती, पण बोट ठेवलं की कळतच नव्हतं काही." थकव्याची खूण मी तोवर चेहऱ्यावर शोधत होते. ती बोटाच्या टोकाला होती. आता कॅम्पमध्ये मी एक गोष्ट बघते: सिस्टर पट्टा बांधल्यावर सुई उचलेपर्यंत किती वेळ घेतात. सकाळी ते काम पाऊण मिनिटात होतं. दुपारी पट्टा एकदा सैल करून पुन्हा आवळला जात असेल, एकाच कोपरात दोन जागा चाचपल्या जात असतील, तर त्या बाईला बसवायची वेळ झालेली असते. त्यांना विचारायचं नाही. विचारलं तर "मी ठीक आहे" हेच उत्तर येतं.

जुलैत पुढचा मोठा कॅम्प होता, शंभरेक डोनरचा अंदाज. या वेळी मी तक्ता उलट्या बाजूनं लिहायला घेतला. आधी जेवणं, मग बाकी.

नियमांत शंभर ते एकशेवीस डोनर पाच तासांत घ्यायचे तर माणसं ठरवून दिलेली आहेत: सहा ते आठ खाटांना एक डॉक्टर आणि दोन सिस्टर, दोन समाजसेवक, तीन टेक्निशियन, दोन अटेंडंट, आणि आठ-दहा जण बसतील अशी गाडी. हे पाच तास रक्त घेण्याचे आहेत. पहाटे सामान भरणं, खाटा मांडणं, वायरी ओढणं, ऑक्सिजनचं सिलिंडर आणि इमर्जन्सीचा ट्रे लावणं, शेवटी सगळं मोजून परत भरणं, हे त्या पाचात नाही. आणि आमच्याकडे सगळी माणसं एकाच गाडीतून जातात, म्हणून सगळ्यांचे तास गाडीचे तास होतात. सव्वासहाला पेट्या भरायच्या म्हणून सिस्टरही सव्वासहाला. दुपारी खाटा घडी करून गाडीत चढेपर्यंत सिस्टरही तिथेच. पहाटेच्या त्या दोन तासांत सिस्टर काय करतात? कापूस तोडतात, बाकड्यावर बसतात आणि डास मारतात.

म्हणून सिस्टरना गाडीतून सोडवायचं ठरवलं. त्यांनी आपल्या स्कूटरवरून सव्वाआठला थेट शाळेत यायचं, आपापला ट्रे तपासायचा, आणि पावणेतीनला तिथूनच घरी जायचं. साडेसहा तास झाले. आधी दोघी दहा-दहा तास, म्हणजे वीस तास. आता तिघी साडेसहा-साडेसहा, म्हणजे साडेएकोणीस. वहीवर हा आकडा आला तेव्हा मी तो तीनदा तपासला. तिसरी सिस्टर आणूनही एकूण अर्धा तास कमीच भरत होता!

तिघी असल्या की गणित सोपं होतं: एक तास सुईवर, अर्धा तास बाजूला, आणि तिघींच्या वेळा अर्ध्या-अर्ध्या तासानं पुढे-मागे. कुठल्याही क्षणी दोघी खाटांपाशी आणि एक बाहेर. बाहेरच्या वेळांपैकी अकरा, साडेअकरा आणि बारा या तीन वेळा जेवणाच्या, एकीला एक. इतर वेळी बाहेरच्या सिस्टरनं चहा-बिस्किटाच्या टेबलापाशी खुर्ची टाकून बसायचं आणि उठून आलेल्या डोनरांवर लक्ष ठेवायचं, कारण चक्कर पुष्कळदा खाटेवर येत नाही, उठून चालल्यावर येते. जेवण दुपारी एकला सगळ्यांनी मिळून, ही आमची जुनी सवय मोडायची होती. एकला सगळे उठले की खाटा रिकाम्या राहतात आणि खुर्च्या भरतात, मग दहाव्या मिनिटाला कुणीतरी तोंडात घास असतानाच उठतं.

डॉक्टरांचं जेवण अवघड होतं. ते एकटेच, आणि त्यांनी तपासल्याशिवाय कुणी खाटेवर जात नाही. त्यावर त्यांनीच तोड काढली. "मी जरा भराभर सात जण तपासून ठेवतो, ते खुर्चीवर बसू द्या. तासाला वीस घेता ना तुम्ही? मग सात जण म्हणजे माझी वीस मिनिटं." जेवायचं मात्र हॉलमध्येच, पडद्यामागे, हाक ऐकू येईल एवढ्यावर. आणि बाराच्या गाडीबरोबर टेक्निशियनऐवजी माझे सहकारी समाजसेवक जातील, यादीवर सह्या करून पेटी प्रयोगशाळेत पोचवतील, असं ठरलं. नोंदणीच्या टेबलावर तासभर एक माणूस कमी झाला तर मंडळाची मुलं फॉर्म वाटू शकतात. सीलरवर त्यांना बसवता येत नाही.

तक्ता घेऊन गेले तेव्हा वरून पहिला प्रश्न आला, "तिसरी कशाला? नियमात दोन आहेत." मी साडेएकोणीसचा आकडा पुढे केला आणि मंजुरी मिळाली. आनंदात मी तिसऱ्या सिस्टरना सांगायला गेले. त्या वयानं लहान, मुलगा दुसरीत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, साडेसहा तास काय आणि दहा तास काय, रविवार तर गेलाच ना माझा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या वहीत तास होते. दोन रविवारांऐवजी आता तीन रविवार जाणार होते, हे वहीत कुठेच उतरलं नव्हतं. बदली सुट्टी मिळते, पण ती मंगळवारी, मुलगा शाळेत असताना. त्या आल्या, मनापासून काम केलं. तरी ते वाक्य माझ्याजवळ राहिलंय.

जुलैचा तो दिवस. बाहेर पाऊस, हॉलमध्ये ओल्या छत्र्यांचा आणि स्पिरिटचा वास, पहिला डोनर नऊ वाजून पाच मिनिटांनी. साडेनऊला पहिली पाळी बदलायची होती आणि तिथेच गाडं अडलं. ज्या सिस्टरनी सुई लावली त्यांनीच ती काढायची असते, डोनर अर्ध्यात दुसरीच्या हाती देत नाहीत. सिस्टर निघेपर्यंत बारा मिनिटं गेली, आणि त्यांचा अर्धा तास अठरा मिनिटांवर आला. पुढच्या पाळीला आम्ही बदल केला: दहा मिनिटं आधीच बाहेरच्या सिस्टरनं आत यायचं, जी खाट पहिली रिकामी होईल ती तिनं घ्यायची, आणि जाणाऱ्या सिस्टरनं नवा डोनर घ्यायचाच नाही. शेवटची सुई काढली की घड्याळ सुरू. त्यानं वेळ सरकत गेली, बाराचं जेवण बारा पंचवीसला झालं. पण झालं.

जेवणाला आम्ही शाळेचं छोटं ऑफिस मागून घेतलं होतं. दार असलेली खोलीच हवी, यावर मी अडून बसले होते. हॉलच्या कोपऱ्यात माणूस जेवायला बसलं की "सिस्टर, एकच मिनिट" सुरू होतं. साडेअकराला त्या, मे महिन्यातल्या सिस्टर, आत गेल्या. मी कशाला तरी त्या बाजूला होते. मंडळाचा एक कार्यकर्ता घाईघाईनं आला, "मॅडम, सिस्टर कुठे? माझ्या काकांना त्यांच्याच हातानं द्यायचंय." मी म्हटलं, "जेवताहेत." तो म्हणाला, "अच्छा, मंग जेवू द्या ना," आणि काकांना घेऊन खुर्चीवर बसला. इतकं सोपं होतं ते. दाराच्या फटीतून ज्वारीच्या भाकरीचा आणि ठेच्याचा वास आला.

सामान आवरताना मे महिन्यातली आणखी एक चूक सुधारायची होती. तेव्हा शेवटचा डोनर उठताच आम्ही सगळ्या खाटा दुमडल्या होत्या, आणि चहा पिता पिता एका पोराला घेरी आली तर त्याला आडवं करायला सतरंजी शोधावी लागली. खाटा दुमडायला लागलो की डोनरलाही वाटतं आता उठावं, निघावं. या वेळी शेवटची खाट, डॉक्टर आणि एक सिस्टर वीस मिनिटं हलायचे नाहीत असं तक्त्यातच लिहिलं. दोन वाजून पाच मिनिटांनी शेवटची सुई निघाली. अटेंडंटनं पाच खाटा भिंतीशी लावल्या, टेक्निशियननं बॅगा मोजल्या: नेलेल्या ११०, भरलेल्या ९१, वाया गेलेल्या २, उरलेल्या १७. हिशेब जुळला. हात निळा पडल्याची नोंद एक होती, सकाळची. अर्थात बाहेर मे महिन्याचं ऊन नव्हतं आणि गर्दीही अंगावर आली नाही, त्यामुळे सगळं श्रेय तक्त्याला देणं बरोबर नाही.

पावणेतीनला सिस्टर रेनकोट चढवत होत्या. डबा स्कूटरच्या हुकाला अडकवलेला, रिकामा, झाकण आत खुळखुळत होतं. "उद्या भेटू गं," म्हणाल्या आणि पावसात निघून गेल्या. लहान सिस्टर फाटकापाशी थांबून फोनवर मुलाला सांगत होत्या की निघालेच, अर्ध्या तासात येते.

आता ऑगस्टच्या कॅम्पचा तक्ता समोर आहे. अकरा, साडेअकरा, बारा, जेवणाच्या तिन्ही वेळा लिहून झाल्या आहेत. पहिल्या दोन सिस्टरची नावंही. तिसरा रकाना मी अजून भरलेला नाही. उद्या सकाळी आधी विचारून बघणार आहे, त्या रविवारी कुणाच्या घरी काय आहे ते.